नोकरी सोडल्यावर दोन वर्षे घरी बसायचे का?

नांदगाव पेठला राहणारी माझी धाकटी बहीण एका रविवारी सकाळीच अमरावतीला आमच्या घरी आली. सोबत भाचा होता. चहा यायच्या आधीच तिने पिशवीतून कागदांचे फोल्डर काढून माझ्यासमोर ठेवले.

"भाईजान, हे एकदा नीट वाचा. पोराने सही केली तेव्हा आम्ही कोणी वाचलं नाही. नोकरी लागली याचीच खुशी होती. आता साहेब म्हणतात, इथून गेलास तर दोन वर्षं कोणत्याच मिलमध्ये काम करता येणार नाही."

नांदगाव पेठच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अमरावतीहून नागपूरकडे जाताना हायवेला लागून असलेल्या आपल्या गावाच्या एमआयडीसीत आता कापडाचे कारखाने उभे आहेत. पीएम मित्र योजनेतल्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणीही सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. सूत, विणकाम, डाइंग, प्रोसेसिंग या कामांत गावातली आणि अमरावती शहरातली पोरे लागली आहेत. एका कारखान्यात शिकलेला मुलगा दुसऱ्या कारखान्याला हवाच असतो. त्यामुळे नेमणूकपत्राच्या शेवटच्या पानावरची जी अट आजवर मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत दिसायची, ती आता आपल्या घरातही येऊन पोहोचली आहे.

भाचा बी.एस्सी. रसायनशास्त्र करून एका कारखान्याच्या डाइंग विभागाच्या लॅबमध्ये लागला होता. ग्राहकाने पाठवलेल्या नमुन्याशी रंग जुळवायचा, त्यासाठी कापडाचे छोटे तुकडे रंगवून पाहायचे, आणि जुळलेल्या रंगात डाय किती टक्के, मीठ किती, सोडा किती, तापमान किती हे रजिस्टरला लिहायचे, हे त्याचे काम. पगार १९ हजार. नोकरीला दोन वर्षे पाच महिने झाले होते. त्याच एमआयडीसीतल्या दुसऱ्या कारखान्याने त्याला २६ हजार देऊ केले होते.

मी कागद वाचले. कामाच्या अटी चार होत्या. पहिली, किमान दोन वर्षे नोकरी करायची, आधी सोडल्यास प्रशिक्षणाच्या खर्चाचे एक लाख रुपये भरायचे. दुसरी, सोडताना दोन महिन्यांची नोटीस द्यायची. तिसरी, नोकरी सोडल्यावर दोन वर्षे १०० किलोमीटरच्या आत कोणत्याही कापड कारखान्यात काम करायचे नाही, केल्यास पाच लाख रुपये द्यायचे. चौथी, कंपनीची गुपिते नोकरीत असताना आणि नंतरही बाहेर सांगायची नाहीत.

घरच्यांच्या नजरेत चारही अटी सारख्याच भीतिदायक होत्या. दुल्हाभाई तर म्हणाले, "सही केली म्हणजे केली. आता मुकाट्याने तिथंच राहावं." पण कायद्याच्या नजरेत या चार अटी चार वेगळ्या वस्तू आहेत. त्यातली एक मुळातच फोल आहे, आणि तीच सगळ्यांना घाबरवत होती.

कायद्याचे एक वाक्य

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचे २७ वे कलम सांगते की, ज्या कराराने एखाद्या माणसाला कोणताही कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा व्यापार करण्यापासून रोखले जाते, तो करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. यात "तेवढ्यापुरता" हा शब्द महत्त्वाचा आहे. अख्खे नेमणूकपत्र रद्द होत नाही. पगार, रजा, नोटीस हे सगळे टिकते. फक्त रोजी बंद करणारी ओळ गळून पडते.

इंग्लंडात न्यायाधीश असे बघतात की बंदी वाजवी आहे का, म्हणजे मुदत थोडी आहे का, परिसर लहान आहे का. वाजवी असेल तर ती टिकते. आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघाला. १८७४ मध्ये कलकत्ता हायकोर्टापुढे एकाच वस्तीतल्या दोन दुकानदारांचे भांडण आले. एकाने दुसऱ्याला सांगितले होते की, तू इथले दुकान बंद कर, मी तुला पैसे देतो. दुसऱ्याने दुकान बंद केले, पण पैसे मिळाले नाहीत. बंदी फक्त त्या वस्तीपुरती होती, तरी कोर्टाने तो करार मानला नाही. कायद्यात थोडी बंदी आणि पूर्ण बंदी असा भेदच नाही, असे कोर्टाचे म्हणणे पडले.

म्हणून भाच्याच्या कागदावरचे "दोन वर्षे" आणि "१०० किलोमीटर" हे आकडे कमी करून एक वर्ष आणि दहा किलोमीटर केले असते, तरी नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला जोर आला नसता.

"मग कंपन्या ही अट लिहितात कशाला?" बहिणीने विचारले. उत्तर सोपे आहे. अट लिहायला खर्च येत नाही, आणि घाबरून थांबणारी माणसे पुष्कळ असतात. पण त्याबरोबर हेही खरे की, अशी बंदी कधीच लागू होत नाही असे समजणेही चूक आहे. ती लागू झाल्याची गोष्ट आपल्याच राज्यातली आहे, आणि तीही कापडाशी नाते सांगणाऱ्या धंद्यातली.

कल्याणचा सुपरवायझर

कल्याणजवळ सेंच्युरी रेयॉन नावाचा कारखाना आहे. तेव्हा तो सेंच्युरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा होता. १९६१ मध्ये या कंपनीने हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या दोन कंपन्यांशी करार केला. गाडीच्या टायरच्या आत जे मजबूत सूत असते, ते टायर कॉर्ड बनवण्याचे तंत्र त्या कंपन्या देणार होत्या. त्यासाठी सेंच्युरीने १ लाख ४० हजार जर्मन मार्क मोजायचे होते, आणि हे तंत्र गुप्त ठेवायचे होते. आपल्या कामगारांकडूनही तसे लिहून घ्यायची जबाबदारी तिच्यावर होती.

मार्च १९६३ मध्ये निरंजन शंकर गोलिकारी हे तिथे टायर कॉर्ड विभागात शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. करार पाच वर्षांचा होता. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. कंपनीची माहिती गुप्त ठेवायची. आणि पाच वर्षे पूर्ण व्हायच्या आधी करार मोडून गेल्यास, उरलेल्या मुदतीत त्याच धंद्यात दुसरीकडे काम करायचे नाही, शिवाय सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम भरपाई म्हणून द्यायची. मार्च ते डिसेंबर १९६३ या काळात त्यांना नव्या तंत्राचे प्रशिक्षण मिळाले.

ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांनी कामावर येणे थांबवले आणि महिनाअखेर राजीनामा कळवला. कंपनीने राजीनामा स्वीकारला नाही, कामावर या असे लिहिले. तोपर्यंत ते राजस्थानात कोटा येथे राजस्थान रेयॉन कंपनीत जास्त पगारावर लागले होते. तिथेही टायर कॉर्डच बनत होते.

सेंच्युरी कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने मनाई हुकूम दिला, हायकोर्टाने तो कायम ठेवला, आणि १७ जानेवारी १९६७ रोजी सुप्रीम कोर्टानेही गोलिकारी यांचे अपील फेटाळले.

हा निकाल कंपन्यांचे वकील आजही नोटिशीत लिहितात. म्हणून त्यात नेमके काय आहे ते बघितले पाहिजे. कोर्टाने सांगितले की, करार चालू असतानाची बंदी आणि करार संपल्यानंतरची बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस ज्याचा पगार घेतो, त्याचेच काम करायचे हे साधारणपणे धंद्यावरचे बंधन मानले जात नाही. गोलिकारींचा करार १५ मार्च १९६८ पर्यंतचा होता. ते मध्येच उठून गेले, म्हणून करार संपला असे होत नाही. मनाई हुकूमही त्याच तारखेपर्यंत होता. एक दिवसही पुढे नाही.

दुसरे, त्यांना सगळ्या नोकऱ्यांची बंदी नव्हती. टायर कॉर्डच्या त्या कामापुरतीच होती. दुसरे काम करून ते पोट भरू शकत होते. हुकूम मानला तर उपाशी बसावे लागेल किंवा नाइलाजाने जुन्याच कंपनीत परतावे लागेल, अशी स्थिती नव्हती, हे कोर्टाने पाहिले. तिसरे, कंपनीकडे दाखवण्यासारखे गुपित होते. ते पैसे मोजून परदेशातून आणलेले होते, आणि त्याच तंत्राचे प्रशिक्षण या माणसाला दिल्याचा पुरावा होता.

या तीन गोष्टी एकत्र असतील, म्हणजे ठराविक मुदतीचा करार मध्येच मोडलेला असेल, बंदी त्या मुदतीपुरती व त्या कामापुरती असेल, आणि जपण्यासारखे खरे गुपित असेल, तर कंपनीचा हात वर राहू शकतो. नोटिशीत "गोलिकारी" हे नाव दिसले की आपल्या कागदावर या तीन गोष्टी आहेत का, हे आधी तपासावे.

जहीर खानचा खटला

करार संपल्यानंतर काय होते, हे बघायला श्रीरामपूरच्या मुलाची गोष्ट घेऊ. क्रिकेटपटू जहीर खानने २००० मध्ये परसेप्ट डीमार्क या मुंबईच्या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. त्याच्या जाहिरातींचे काम ही कंपनी बघणार होती. ती काही नोकरी नव्हती, पण त्यातली अट आपल्या विषयाचीच आहे. तीन वर्षे संपल्यावर दुसऱ्या कोणी जहीरला प्रस्ताव दिला, तर तो आधी परसेप्टला कळवायचा, आणि परसेप्टने तेवढेच देऊ केले तर त्यांच्याकडेच राहायचे.

ऑक्टोबर २००३ मध्ये मुदत संपली. जहीरने करार पुढे चालू ठेवायचा नाही असे मुदत संपण्यापूर्वीच कळवले होते. मग तो दुसऱ्या कंपनीकडे गेला. परसेप्टला मुंबई हायकोर्टात एका न्यायाधीशांकडून मनाई हुकूम मिळाला, पण डिसेंबर २००३ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. २२ मार्च २००६ रोजी सुप्रीम कोर्टाने खंडपीठाचेच म्हणणे कायम केले. करार संपल्यानंतर लागू होणारी बंदी २७ व्या कलमाखाली टिकत नाही, तिथे ती वाजवी आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. आणि ज्या नात्यात परस्पर विश्वास लागतो, ते नाते एखाद्यावर जबरदस्तीने लादता येत नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की रेषा स्पष्ट दिसते. गोलिकारी मुदत चालू असताना गेले, म्हणून अडले. जहीर मुदत संपवून गेला, म्हणून सुटला. म्हणजे सगळ्यात आधी कागदावर एकच गोष्ट शोधायची, ती म्हणजे आपला करार कोणत्या तारखेला संपतो.

भाच्याचा करार ठराविक वर्षांचा नव्हता. किमान दोन वर्षांची अट होती आणि ती पूर्ण झाली होती. त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस दिली की नोटिशीच्या शेवटच्या दिवशी करार संपतो. त्या दिवसापर्यंत तो जुन्या कारखान्याचा माणूस, दुसऱ्या दिवसापासून मोकळा.

"मामू, नवे साहेब म्हणतात पुढच्या सोमवारीच ये. नोटीस वगैरे आपण बघून घेऊ," भाचा म्हणाला.

मी त्याला तिथेच थांबवले. नोटिशीचे दोन महिने म्हणजे करार चालू असतानाचा काळ. त्यात दुसरीकडे कामाला लागणे म्हणजे जिथे आपली बाजू भक्कम आहे ते सोडून जिथे कंपनीची बाजू भक्कम आहे तिथे जाऊन उभे राहणे. नोटीस कमी करायची असेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्यायची, किंवा कागदावर तशी सोय असेल तर उरलेल्या दिवसांचा पगार भरायचा. तोंडी "जा" वर जायचे नाही.

कंपनीनेच काढून टाकले तर? त्यावरही निकाल आहे. सुपरिंटेंडन्स कंपनी ऑफ इंडियाने दिल्लीच्या शाखा व्यवस्थापकाला १९७८ मध्ये काढले. त्याच्या करारात, कंपनी सोडल्यावर दोन वर्षे शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी असा धंदा करायचा नाही अशी अट होती. त्याने दिल्लीतच स्वतःचा धंदा सुरू केला. सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये सांगितले की, सोडणे म्हणजे स्वतःहून जाणे. काढून टाकलेल्या माणसाला ही अट लागत नाही. बंदी मुळातच रद्दबातल आहे, असेही एका न्यायमूर्तींनी वेगळे निकालपत्र लिहून नोंदवले.

बाँडचे पैसे मात्र वेगळे

आता पहिल्या अटीकडे येऊ. किमान इतकी वर्षे काम करा, नाहीतर इतके पैसे भरा, याला बोलीभाषेत बाँड म्हणतात. यात रोजी बंद होत नाही. माणूस कुठेही जाऊ शकतो, फक्त जाताना पैसे भरावे लागतात. म्हणून कोर्ट याकडे वेगळ्या नजरेने बघते.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या एका प्रकरणात हेच सांगितले. बँकेच्या एका अधिकाऱ्याने २००७ मध्ये नोकरी धरताना तीन वर्षे राहण्याचा आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचा बाँड दिला होता. २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला, पैसे निषेध नोंदवून भरले आणि परत मिळावेत म्हणून कोर्टात गेले. हायकोर्टात जिंकले, पण सुप्रीम कोर्टात बँक जिंकली. सरकारी बँकेला जाहिरात, परीक्षा, मुलाखत असे सगळे करून नवा माणूस घ्यावा लागतो, त्या मानाने आणि त्या पदाच्या मानाने ही रक्कम अवाजवी नाही, असे कोर्टाने मानले. ही अट नोकरी चालू असतानाच्या काळाची आहे, नंतरच्या काळाची नाही, हेही त्यात स्पष्ट केले.

याचा अर्थ कागदावर जो आकडा लिहिला तो पूर्ण द्यावाच लागतो असा नाही. करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की, करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. त्याच्या आत जी वाजवी भरपाई असेल तेवढीच मिळते. आठ दिवस मशीन दाखवली आणि पाच लाखांचा बाँड लिहून घेतला, असे असेल तर कंपनीला खर्च दाखवावा लागेल. म्हणून प्रशिक्षण खरोखर किती दिवसांचे झाले, कुठे झाले, कोणी दिले, याची नोंद स्वतःजवळ ठेवावी.

भाच्याची दोन वर्षे पूर्ण होती, त्यामुळे एक लाखाचा प्रश्न मिटला होता. पाच लाख हे तिसऱ्या अटीचे होते, आणि जी अटच रद्दबातल तिचा दंडही वसूल होत नाही.

एक गोष्ट बहिणीने दबक्या आवाजात सांगितली. रुजू होताना कंपनीने सही केलेले दोन कोरे चेक घेतले होते. अशी प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. कायद्याने देणे लागत असेल तरच चेक न वटल्याचा गुन्हा उभा राहतो, आणि रद्दबातल अटीचा दंड हे देणे नव्हे. तरी चेक बँकेत लावला आणि नोटीस आली, तर ती बाजूला टाकायची नाही. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते, त्यात वकिलामार्फत लेखी उत्तर गेले पाहिजे. आम्ही राजीनाम्यातच ते दोन चेक नंबरसह परत मागितले.

खरी भीती मोबाइलमध्ये होती

चौथी अट, गुपिताची. मी भाच्याला विचारले, "तुझ्याजवळ कंपनीचं काय काय आहे?"

तो म्हणाला, "काही नाही मामू." मग थोडे थांबून म्हणाला, "रजिस्टरचे फोटो आहेत मोबाइलमध्ये. शेडच्या रेसिपी. रात्रपाळीत रजिस्टर कपाटात असतं, म्हणून काढून ठेवले होते."

किती? तीनशेच्या वर.

हे ऐकून मला पहिल्यांदा काळजी वाटली. कारण गुपित जपण्याची अट नोकरी संपल्यावरही टिकते. ती माणसाला काम करण्यापासून रोखत नाही, दुसऱ्याची वस्तू उचलण्यापासून रोखते. ग्राहकाच्या अमुक शेडची, कंपनीने अनेक प्रयोग करून बसवलेली रेसिपी ही कंपनीची अमानत. ती नव्या कारखान्यात वापरली, किंवा नुसती मोबाइलमधून कोणाला पाठवली, तर मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई दोन्ही मागता येतात.

पण हातात आलेले कसब हे गुपित नव्हे. कापड बघून कोणता डाय लागेल हे ओळखणे, सोडा कधी टाकायचा, रंग डाग धरायला लागला तर काय चुकले असेल हे कळणे, हे भाच्याचे स्वतःचे. ते तो सोबत नेणारच, डोके काही गेटवर ठेवून जाता येत नाही. २००६ मध्ये दिल्ली हायकोर्टात अमेरिकन एक्सप्रेस बँकेने आपल्या एका महिला अधिकाऱ्याला दुसऱ्या बँकेत जाताना अडवायचा प्रयत्न केला. ग्राहकांची माहिती हे आमचे गुपित आहे, असे बँकेचे म्हणणे होते. कोर्टाने ते मानले नाही. ग्राहकांची नावे, फोन नंबर आणि रोजच्या कामातून कळणाऱ्या गोष्टींना गुपिताचे नाव देऊन माणसाची नोकरी बदलण्याची वाट बंद करता येत नाही, असा त्याचा सूर होता.

म्हणून कंपनी गुपिताचे नाव घेऊन आली, तर तिला नेमके गुपित कोणते, ते जपण्यासाठी काय केले, आणि या माणसाने ते कसे नेले, हे दाखवावे लागते. भाच्याच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच खिशात होते.

फोटो गुपचूप पुसून टाकायला मी सांगितले नाही. वाद उभा राहिल्यावर पुसलेले फोटो जास्त संशय आणतात. त्याने वरिष्ठांना लेखी कळवले की, रात्रपाळीच्या कामासाठी काढलेले फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत, ते आपल्यासमोर काढून टाकायचे आहेत. लॅबच्या साहेबांसमोर ते पुसले, मेलवरची प्रतही काढली, आणि तसे झाल्याची दोन ओळींची पोच घेतली. साहेब पोच द्यायला नाखूश होते, तेव्हा भाच्याने स्वतःच मेल करून "आज आपल्यासमोर फोटो काढून टाकले" असे कळवले. तेही पुरेसे असते.

घरचे दुकान विकताना

२७ व्या कलमाला खुद्द कायद्याने ठेवलेला एक अपवाद आहे, आणि तो आपल्या घरांत नोकरीपेक्षा जास्त वेळा येतो. कोणी आपले चालते दुकान त्याच्या नावलौकिकासह, म्हणजे गुडविलसह विकले, तर विकणाऱ्यावर त्या परिसरात तसाच धंदा न करण्याची अट घालता येते. घेणाऱ्याने नावाचे पैसे मोजले आहेत. विकणाऱ्याने समोरच दुसरे दुकान टाकले तर त्याने काय घेतले? फक्त परिसर वाजवी हवा. भागीदारी सोडतानाही असा करार करता येतो. दोन भावांनी बेकरी वाटून घेतली, एकाने आपला हिस्सा पैसे घेऊन सोडला आणि लिहून दिले की या वस्तीत तीन वर्षे बेकरी टाकणार नाही, तर ते लिहिलेले टिकू शकते. "कोर्टात अशी बंदी चालत नाही" असे नोकरीवरून ऐकून कोणी तिथे फसू नये.

पुढे काय झाले

भाच्याने राजीनामा मेलने आणि कागदावर असा दोन्ही प्रकारे दिला. कागदाच्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घेतला. त्यात शेवटच्या दिवसाची तारीख स्पष्ट लिहिली. दोन महिने रोज वेळेवर गेला. नव्या कारखान्याला त्याने नेमणूकपत्राची प्रत आधीच दाखवली, कारण जुन्या कंपनीची नोटीस अनेकदा नव्या कंपनीलाही जाते, आणि तिथे आपण आधी सांगितलेले नसेल तर हातातली नोकरी त्या नोटिशीनेच जाते. कायदा आपल्या बाजूने असला तरी घाबरलेल्या मालकाला तो थांबवत नाही. हा धोका खरा आहे, आणि त्यावर आधी सांगणे हाच उपाय आहे.

नवी नोकरी लागून वीस दिवस झाले आणि जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. तिसऱ्या अटीचा भंग, पाच लाख रुपये, गोलिकारी निकालाचा उल्लेख, सगळे होते. बहिणीच्या घरी दोन दिवस कोणाला जेवण गेले नाही. तिला मी एकच सांगितले, नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ते समोरच्याचे म्हणणे आहे, आणि त्याला आपले म्हणणे लिहून द्यायचे आहे. आम्ही एका पानाचे उत्तर पाठवले. किमान मुदत पूर्ण, नोटीस पूर्ण, करार अमुक तारखेला संपला, नंतरची बंदी २७ व्या कलमाखाली रद्दबातल, कंपनीची कोणतीही माहिती जवळ नाही आणि तशी पोच सोबत जोडली आहे. त्याला उत्तर आले नाही.

कोर्टाचा कागद, म्हणजे समन्स आले असते, तर मात्र दिलेल्या तारखेला हजर राहावेच लागले असते. न गेल्यास एकतर्फी हुकूम होतो, आणि रद्दबातल अटीवरचा हुकूमसुद्धा वरच्या कोर्टाने काढेपर्यंत पाळावा लागतो. मोठ्या कंपन्यांच्या कागदावर "वाद फक्त मुंबईच्या कोर्टात" असेही लिहिलेले असते, आणि सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये नोकरीच्या करारातली अशी अट मान्य केली आहे. नांदगाव पेठच्या माणसाला तारखेसाठी मुंबई गाठावी लागेल, हे सही करताना बघून ठेवावे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तिथे मोफत वकील मिळतो.

परवा बहीण पुन्हा आली होती. आता धाकट्या भाचीला कापडाच्या तपासणी विभागात नोकरी मिळते आहे. या वेळी सही करायच्या आधीच कागद आले. मी चष्मा शोधत होतो तोवर भाचीने शेवटचे पान उघडून बोट ठेवले. "मामू, हा करार तीन वर्षांचा आहे. भाईसारखा नाही."

बरोबर होते. तिच्या कागदावर ठराविक तीन वर्षे होती, आणि त्या मुदतीत मध्येच सोडल्यास उरलेला काळ दुसरीकडे काम न करण्याची अट होती. ही कल्याणच्या सुपरवायझरची वाट. आम्ही कंपनीला लिहिले की, दोन्हीपैकी कोणत्याही बाजूने दोन महिन्यांच्या नोटिशीवर करार संपवता येईल अशी एक ओळ घाला. आठ दिवसांनी दुरुस्त कागद आला. ओळ घातलेली होती. मग तिने सही केली.